नाव न सांगणाऱ्यांची हजेरी : दारूमुक्ती गटाच्या वहीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावात दर आठवडी बाजाराच्या दिवशी आमची बैठक भरते. मी तिथं वही सांभाळतो. आजूबाजूच्या तालुक्यांत असे गट चालवणारे भाऊ-बहिणी फोन करून, निरोप पाठवून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथं एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नावं लिहायची नाहीत, तर हजेरी ठेवायचीच कशाला?

ज्या कामापुरती लागते तेवढीच ठेवायची. आम्हाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. आज किती जण आले, हे पहिलं. त्यावर चहा, सतरंज्या आणि खोली ठरते. एवढ्या आठवड्यांत मिळून वेगवेगळी माणसं किती आली, हे दुसरं. मदत देणारी संस्था हेच विचारते आणि गट वाढतोय की तीच माणसं फिरून फिरून येताहेत, हेही त्यातूनच समजतं. तिसरं म्हणजे, येणारा कोणी अचानक यायचा थांबला का.

या तिन्हींना एकच वही पुरेल असं समजलं की घोटाळा होतो. पहिल्यासाठी डोकी मोजली की झालं. दुसऱ्यासाठी काहीतरी खूण लागते. तिसऱ्याचं उत्तर वहीत शोधूच नये, त्याचा मार्ग वेगळा आहे (प्रश्न ९).

२. सहीची वही ठेवली तर काय बिघडतं? खोटं नाव लिहिलं तरी चालेल की!

आम्ही हेच केलं होतं. पहिल्या बैठकीला नऊ जण आले आणि वहीत दोन मारुती, एक हनुमान आणि एक बजरंग भरले. हसलो सगळे. दुसऱ्या आठवड्यात तिघंच आले. नंतर एका काकाजींनी बाजूला घेऊन सांगितलं, "नाव खोटं लिवलं तरी अक्षर तं माहंच हाये ना बाप्पा. तुमची वही उद्या कोन्या हातात जाईन, कोनाले ठावं?"

त्यांचं खरं होतं. दोन हजार वस्तीच्या गावात अक्षर, अंगठा, चप्पल, गाडीचा नंबर यातलं काहीही नावाइतकंच बोलतं. त्यात वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. जिथं बंदी आहे तिथं "दारू सोडू पाहणाऱ्यांची यादी" म्हणजे "मी पितो" असं सहीनिशी कबूल केलेल्यांची यादी होते. असा कागद जन्मालाच घालू नये.

३. मग डोकी मोजायची कधी? लोक उशिरा येतात, मधेच उठून जातात.

चहा वाटताना मोजायची. आमची बैठक दीड तासाची असते आणि चहा साधारण चाळीस मिनिटांनी येतो. उशिरा येणारे तोवर आलेले असतात आणि लवकर जाणारे चहासाठी थांबलेले असतात. मोजायची मात्र माणसं, कप मोजायचे नाहीत. दोन कप घेणारे प्रत्येक गटात असतात.

बाहेरच्या चपला मोजून हजेरी लावणारेही मी पाहिले आहेत. आमच्या समाजमंदिराच्या पायरीवर तुटक्या पट्ट्याची एक जोडी महिनाभर पडून होती, आणि तो महिनाभर हजेरी एकाने जास्त लागली.

बैठक चालवणारा, चहा आणणारा आणि वही धरणारा यांना मोजायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आम्ही मोजत नाही. काहीही ठरवा, पण मधेच बदलू नका, कारण आठ-दहा माणसांच्या गटात तिघांचा फरक म्हणजे सगळं चित्रच बदललं. पिऊन आलेला माणूस मात्र मोजायचा. बोलू द्यायचं की नाही, ते बैठक चालवणारा बघेल. हजेरीपुरता तो आलेला असतो.

४. वेगवेगळी माणसं किती, हे नावाशिवाय कसं कळणार?

चिठ्ठ्यांच्या गड्डीने. आमची पद्धत अशी.

ए-फोर कागद उभा धरून त्याचे दोन रांगांत सात-सात असे चौदा चौकोन पाडायचे. एका कागदावरच्या चौदाही चौकोनांत एकच आकडा लिहायचा, समजा ३७. पुढच्या कागदावर ५२, त्याच्या पुढच्यावर १९. असे चाळीस कागद पुरतात. चौकोन कापून प्रत्येक आकड्याची एक गड्डी पिन मारून तयार करायची. एका तिमाहीत तेरा आठवडे, म्हणून तेरा चिठ्ठ्या; चौदावी माणसाने आपला आकडा लक्षात राहावा म्हणून जवळ ठेवायची.

सगळ्या गड्ड्या कापडी पिशवीत घालून हलवायच्या. आलेला माणूस न बघता हात घालून एक काढतो. कोणाला कोणता आकडा गेला, हे वाटणाऱ्यालाही कळत नाही. दर बैठकीला यायचं, एक चिठ्ठी फाडायची, दोनदा दुमडायची आणि दाराशी ठेवलेल्या डब्यात टाकायची. आमचा डबा बिस्किटाचा आहे, पत्र्याचा, झाकणाला फट पाडलेली.

दोन बारकावे आहेत. आकडे १ पासून ओळीने वाटू नका. तसं केलं की लहान आकडा म्हणजे जुना माणूस, हे कोणालाही समजतं. आणि चिठ्ठीवर माणसाने स्वतः काही लिहायचं नाही, कारण अक्षराची गोष्ट प्रश्न २ मध्ये आलीच आहे. छापायला किंवा झेरॉक्सला गावातल्या दुकानात गेलात तर दुकानदार विचारणारच, म्हणून आम्ही हाताने लिहितो. एक संध्याकाळ जाते.

५. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याचं काय?

आकड्याऐवजी चित्राचा शिक्का मारा. शाळेच्या सामानाच्या दुकानात फूल, मासा, छत्री असे लहान मुलांचे शिक्के मिळतात. दोन शिक्क्यांची जोडी केली की पुष्कळ खुणा होतात. पण काही गड्ड्यांवर आकडे आणि काहींवर चित्रं असं करू नका, नाहीतर चित्रवाली चिठ्ठी म्हणजे न शिकलेला माणूस हे उघड होतं. सगळ्यांना चित्रं, नाहीतर सगळ्यांना आकडे. आमच्याकडे शेवटी सगळ्यांनीच आकडे घेतले. बाजारात नोटा मोजणाऱ्याला ३७ ओळखता येतं, असं एक जण म्हणाला आणि विषय संपला.

६. गड्डी घरी बायकोने किंवा पोराने पाहिली तर?

तिच्यावर आकड्याशिवाय काहीच नसतं. गटाचं नाव, तारीख, फोन नंबर, "दारू" हा शब्द, यातलं काही छापायचं नाही. खिशात सापडली तर ती भिशीची असू शकते, ताडपत्रीच्या टोकनाची असू शकते. तरीही घरी न्यायची भीती वाटते त्याने गड्डी नेऊच नये. त्याला कोरी चिठ्ठी मिळते.

कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा डब्याशेजारी कायम असतो. गड्डी विसरली, हरवली किंवा घ्यायचीच नाही, त्याने कोरी टाकायची, कोणी काही विचारत नाही. हजेरीत ती पूर्ण धरली जाते, फक्त "वेगवेगळी माणसं" या हिशेबात तिचं काय करायचं ते पुढच्या उत्तरात पाहा.

७. एका तिमाहीचा हिशेब प्रत्यक्ष करून दाखवाल का?

हा नमुना जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या तेरा बैठकींचा आहे. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण वळण आमच्याकडे दरवर्षी दिसतं तेच.

डोकी अशी : ९, ११, १०, १२, ८, १०, ७, ४, ९, ११, ६, ५, ६. बेरीज १०८. तेराने भागलं तर बैठकीला सरासरी आठ माणसं, वर थोडं.

आता चिठ्ठ्या. १०८ पैकी ९ कोऱ्या निघाल्या, ९९ आकड्यांच्या. त्यांवर मिळून २४ वेगवेगळे आकडे होते. त्यांतले दोन आकडे हरवलेल्या गड्डीच्या बदल्यात दिलेले होते (प्रश्न ८), म्हणून माणसं २२. या २२ पैकी ७ जण एकदाच आले. ६ जण दोन ते चार वेळा आले, त्यांच्या चिठ्ठ्या १८. ६ जण पाच ते नऊ वेळा आले, त्यांच्या ४१. आणि ३ जण दहा, अकरा, बारा वेळा आले, म्हणजे ३३. बेरीज पडताळा : ७, १८, ४१, ३३ मिळून ९९. जुळलं.

म्हणजे "१०८ लाभार्थी" असं लिहिलं तर ते धादांत खोटं, आणि "८ लाभार्थी" लिहिलं तर गटावर अन्याय. खरं वाक्य असं : "तेरा बैठकी, सरासरी उपस्थिती आठ, किमान २२ वेगवेगळ्या व्यक्ती." "किमान" हा शब्द कोऱ्या चिठ्ठ्यांसाठी आहे. त्या नऊ चिठ्ठ्या या २२ पैकीच कोणाच्या असतील, किंवा नऊ अगदी नवी माणसं असतील. खरा आकडा २२ आणि ३१ च्या मध्ये कुठेतरी आहे. कोऱ्या चिठ्ठ्या दहातल्या एकापेक्षा जास्त निघायला लागल्या की हा पल्ला फार रुंद होतो. तसं झालं तर लोकांना टोकायचं नाही. गड्डी बाळगणं का जड जातंय, ते बैठकीत मोकळेपणी विचारायचं.

आठव्या आठवड्यातले ४ म्हणजे पोळा. सण, त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, तान्हा पोळा, पाहुणे, आणि या दिवसांत पिण्याचा आग्रहही जास्त. शेवटच्या तीन आठवड्यांतली घसरण सोयाबीनच्या कापणीची. मळणीयंत्राची पाळी लागली की माणूस बाजारालाही येत नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणीला पुन्हा असंच होतं. म्हणून एक तिमाही शेजारच्या तिमाहीशी लावून "गट मोडत चाललाय" असं म्हणू नका. मागच्या वर्षीच्या याच हंगामाशी लावा.

मला विचाराल तर या सगळ्यात बघण्यासारखा आकडा एकच, एकदाच येऊन परत न आलेले ७. पहिल्या दिवशी त्यांना काय दिसलं, कोणी काय विचारलं, तिथं काहीतरी अडतं आहे.

८. गड्डी हरवली, नवी दिली, म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जाणार ना?

हो, आणि हीच या पद्धतीतली सगळ्यात नेहमीची चूक आहे. पावसाळ्यात तर गड्ड्या खिशात भिजून लगदा होतात.

उपाय असा. बदली गड्ड्या वेगळ्या पिशवीत ठेवायच्या आणि त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्याला कात्रीने तिरका काप द्यायचा. कापलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी डब्यात निघाली की ती बदलीची, नव्या माणसाची नाही. जुना आकडा आठवत असेल तर माणूस पहिल्या बदली चिठ्ठीमागे तो लिहून टाकतो; लिहिताना कोणी बघत नाही आणि दोन आकड्यांवरून अक्षर ओळखणंही अवघड. आठवत नसेल तर राहू दे. माणूस दोनदा मोजला जात नाही, फक्त त्याचं आधीचं येणं आणि नंतरचं येणं जोडता येत नाही.

"तुमचा जुना नंबर किती होता?" असं तोंडाने मात्र विचारायचं नाही. त्याने उत्तर दिलं की त्याचा चेहरा आणि आकडा तुमच्या डोक्यात कायमचा जोडला जातो.

९. ४१ नंबर सहा आठवडे सलग आला आणि आता महिनाभर नाही. तो कोण, हे शोधायचं कसं?

शोधायचं नाही. चिठ्ठीवरून माणूस शोधायला सुरुवात केली की दोन आठवड्यांत सगळ्यांना कळतं आणि डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या पडू लागतात.

यायचा थांबलेल्या माणसाची काळजी खरी आहे, पण तिचा मार्ग सोबत्याचा आहे. आमच्याकडे दोन-तीनदा येऊन गेलेल्याला बैठक चालवणारा एकच गोष्ट विचारतो : "दोन बाजार दिसला नाहीत तर तुमच्याकडे कोणी यावं का? यावं तर यांतलं कोण?" तो गटातल्या एकाचं नाव सांगतो, किंवा नको म्हणतो. हे कुठंही लिहिलं जात नाही. त्या दोघांमधलंच असतं. फोन करायचा, घरी जायचं की वावरात गाठायचं, हेही तोच सांगतो.

निरोप कसा द्यायचा हेही आधी ठरलेलं असतं. घरी गेलेला सोबती "ग्रुपला काहून नाही आला?" असं म्हणत नाही. ओसरीत टेकतो, पाणी पितो, आणि "बाजारात दिसला नाही भाऊ, तब्येत बरी हाये ना?" एवढंच म्हणतो. घरच्यांना वावगं वाटत नाही, आणि ज्याला समजायचं त्याला समजतं.

१०. नंबर कोणाचा हे माहीत नाही म्हणता, पण आठ माणसांच्या गटात अंदाज येणारच ना?

येतो. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

समजा ५२ नंबर दोनच आठवडे आला नाही, तिसरा आणि आठवा. मोजणारा दर बैठकीला तिथंच बसलेला असतो. त्याला आठवतं की तिसऱ्या आठवड्यात काकाजी मुलीकडे गेले होते आणि पोळ्यालाही नव्हते. झालं, ५२ म्हणजे काकाजी. आकडा कितीही गुपचूप काढला तरी येण्या-न येण्याचा क्रमच माणसाचा ठसा होऊन बसतो.

म्हणून चिठ्ठ्या त्याच दिवशी उघडून आकडे लिहायचे नाहीत. बैठक संपली की डबा उघडून दुमडलेल्या चिठ्ठ्या फक्त मोजायच्या, डोक्यांशी जुळवायच्या आणि पाकिटात घालून चिकटवायच्या. पाकिटावर बैठकीचा क्रमांक. तेरा पाकिटं झाली की ती बैठकीला कधीच न बसलेल्या माणसाने उघडायची. आमच्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या एक निवृत्त बाई हे काम करतात. त्यांना आमच्यातला कोणीच माहीत नाही. दुपारभर आकडे मांडतात आणि प्रश्न ७ मध्ये दिले तसे गोळा आकडे तेवढे परत देतात. मांडलेला तक्ता आणि चिठ्ठ्या त्यांच्याच चुलीत जातात.

असा बाहेरचा माणूस मिळत नसेल तर गड्ड्यांच्या भानगडीत न पडलेलं बरं. नुसती डोकी मोजा, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांपुरती खूण ठेवा : जुन्याने मडक्यात चिंचोका टाकायचा, पहिल्यांदा येणाऱ्याने सागरगोटा. सागरगोट्यांची बेरीज म्हणजे मोजायला लागल्यापासून आलेली नवी माणसं. कोण किती वेळा आलं हे यातून कळत नाही, पण कोणाचा मागही काढता येत नाही.

११. चिठ्ठ्या आणि डोकी जुळत नाहीत. आता?

चिठ्ठ्या एक-दोनने कमी असतील तर कोणीतरी टाकायला विसरलं. डोक्यांचा आकडा खरा धरायचा आणि फरक वहीत लिहायचा. चिठ्ठ्या जास्त असतील तर मात्र थांबून विचार करा, कारण कोणीतरी न आलेल्या मित्राची चिठ्ठी टाकतो आहे.

आमच्याकडे हे एकदाच झालं. मदत देणाऱ्या एका संस्थेने हजेरीमागे येण्या-जाण्याचे पैसे द्यायचं ठरवलं होतं. त्या महिन्यात डोकी नऊ आणि चिठ्ठ्या तेरा. पैसे बंद करून चहासोबत पोहे सुरू केले, तेव्हा आकडे पुन्हा जुळले. चिठ्ठीला कसलाही मोबदला चिकटवू नका.

१२. तिमाहीला २२, पुढच्या तिमाहीला १९. सहा महिन्यांचे ४१ लिहू का?

नका. दोन्हीकडे तीच माणसं असू शकतात. दर तिमाहीला नवे आकडे वाटल्याने (आणि वाटावेच, प्रश्न १० मुळे) जुनं-नवं जोडता येत नाही.

यासाठी कागदाचा रंग वापरा. गटात पहिल्यांदा येणाऱ्याला पांढरी गड्डी, आधीच्या तिमाहीत येऊन गेलेल्याला पिवळी. पहिल्या तिमाहीचे २२, आणि पुढच्या १९ पैकी पांढरे ५ निघाले, तर सहा महिन्यांची वेगवेगळी माणसं किमान २७. पिवळी की पांढरी हे माणूस स्वतः सांगतो, त्यावर विश्वास ठेवायचा.

१३. संस्था गावनिहाय, वयानुसार, स्त्री-पुरुष अशी माहिती मागते. द्यायची का?

एकूण आकडा द्या, तुकडे करू नका. आमचा नियम आहे की पाचापेक्षा लहान आकडा कोणत्याही रकान्यात लिहायचा नाही. "महिला २" असं लिहिलं आणि गाव छोटं असेल तर त्या दोघी कोण हे सरपंचापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे सांगतील.

यातला फसवा भाग असा. महिलांचा रकाना रिकामा सोडला, पण "एकूण २२, पुरुष २०" लिहिलं, तर वजाबाकी कोणालाही येते. एक रकाना लपवला की त्याच्या जोडीचाही लपवावा लागतो. म्हणून तक्ताच नको, वाक्यात एकूण लिहा. फोटो मागितला तर रिकाम्या सतरंज्यांचा द्या, डब्याचा द्या. पाठमोऱ्या माणसांचाही देऊ नका. विदर्भात दुपट्टा बांधायच्या तऱ्हेवरून माणूस ओळखतात.

१४. व्हॉट्सअॅप ग्रुप किंवा मोबाईलवरचा फॉर्म सोपा नाही का पडणार?

भरणाऱ्याला सोपा, पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि आमच्यातल्या अर्ध्यांचा फोन घरात चौघं वापरतात. शिवाय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा मोबाईल-संगणकातल्या वैयक्तिक माहितीला लागू होतो, तसाच कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही. हौसेने वहीचा फोटो काढून पाठवला तरी हे सगळं अंगावर येतं. वहीत फक्त तारीख, डोकी, चिठ्ठ्या, कोऱ्या आणि शेरा असे पाच रकाने असतील तर तिच्यात कोणाची वैयक्तिक माहितीच नसते.

१५. पोलीस, सरपंच किंवा सदस्याची बायको येऊन विचारते, "तो येतो का?" काय सांगायचं?

सगळ्यांना एकच उत्तर : "आमच्याकडे नावांची यादी नाही." आणि ते खरं असतं, हाच या सगळ्या खटाटोपाचा फायदा. यादी असून नाही म्हणणाऱ्याचा आवाज अडखळतो.

बायकोचं विचारणं वेगळं असतं. तिला बसवायचं, चहा द्यायचा, तिचं स्वतःचं ऐकून घ्यायचं. पण नवरा येतो किंवा येत नाही, यांतलं काहीच बोलायचं नाही. "येत नाही" हेसुद्धा सांगायचं नाही. एरवी नाही म्हणायची सवय ठेवली तर ज्या दिवशी गप्प राहाल त्या दिवशी उत्तर कळेल.

डॉक्टरांनी विचारलं तरी सदस्याला सोबत घेऊन यायला सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. तिथं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. गटातले आपण शब्दाने बांधलेले असतो.

१६. एखाद्यालाच "मी येत होतो" असा दाखला हवा असेल तर?

होतं असं. नोकरीवर परत घेण्यासाठी मालक मागतो. अशा वेळी कोरा कागद सदस्यानेच आणायचा. दर बैठकीनंतर त्यावर तारीख टाकून बैठक चालवणारा सही करतो. वर नाव लिहायचं की नाही आणि कोणाला दाखवायचं, ते त्याचं तो ठरवतो. आमच्याकडे नक्कल राहत नाही. मागच्या तारखांची सही मिळत नाही, कारण मागचं तपासायला आमच्याकडे काहीच नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं म्हणजे नंतर वाद होत नाही.

१७. कोणी बैठकीत जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, तर नाव नसताना करायचं काय?

त्याला एकटं सोडायचं नाही. नावाची गरजच नाही, माणूस समोर बसलेला असतो. बैठक संपल्यावर दोघांनी सोबत राहायचं, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचारायचं, ते दुसरीकडे हलवायला घरातलं विश्वासाचं माणूस कोण ते त्याच्याकडूनच काढायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तिथूनच फोन लावून द्यायचा. औषध पोटात गेलं असेल तर १०८. जीव धोक्यात असेल तेव्हा गुप्तता बाजूला राहील, हे आम्ही दर बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने सांगतो.

१८. ही पद्धत अल्कोहोलिक्स अनॉनिमसची आहे का?

नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झालेल्या त्या चळवळीत सदस्य होण्यासाठी दारू सोडायची इच्छा एवढीच अट असते आणि अनामिकता हा तिचा पाया मानला जातो. हजेरीची सक्ती त्यात नाही. आमचा गट त्यांचा नाही. अनामिकतेचा विचार मात्र तिथून उचलला आहे. मोजण्याची गड्डी-डबा पद्धत चुकत-माकत आम्हीच बसवली.

१९. आता एकाला स्वतःचं खरं नाव वहीत लिहायचंय. लिहू द्यायचं का?

नाही. एकाचं नाव आलं की बाकीच्यांचं न येणं डोळ्यांत भरतं, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, "त्यानं लिवलं, तू काहून नाही लिवत?" बैठकीत नाव सांगून बोलायची कोणालाच मनाई नाही, ते बोलणं असतं, कागद नसतो.

आमच्याकडे वर्षभर सुटलेल्या एका भाऊंनी फारच हट्ट धरला. वही पुढं केली नाही म्हणून रुसलेही. मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात नाव-गाव लिहिलं, चारचौघांना दाखवलं आणि दुमडून डब्यात टाकलं. आम्ही ती इतरांसारखीच एक चिठ्ठी म्हणून मोजली, पाकिटात घातली, आणि तिमाही संपल्यावर ती बाकीच्यांसोबत बाईंच्या चुलीत गेली.